जानेवारीतला जन्म आणि शिक्षणाचा मोबदला

अमेरिकेच्या १९८० च्या जनगणनेत १९३० ते १९३९ या वर्षांत जन्मलेल्या पुरुषांच्या नोंदी पाहिल्या, तर शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे आठवड्याची कमाई सुमारे ७.१ टक्क्यांनी वाढलेली दिसते. हिशेबात तीन लाखांहून जास्त माणसं आहेत, त्यामुळे आकडा डळमळीत नाही. पण तो शिक्षणामुळेच आलेला आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही. बारावी झालेला आणि नववीत शाळा सोडलेला, या दोघांत फरक फक्त तीन वर्षांचा नसतो. एकाच्या घरी आईवडील शिकलेले असतील, दुसऱ्याला लहानपणीच शेतावर जावं लागलं असेल. एकाला अभ्यासाची ओढ असेल आणि तीच चिकाटी पुढे नोकरीतही उपयोगी पडली असेल. यातलं काहीही जनगणनेच्या रकान्यात उतरत नाही. जी कारणं माणसाला जास्त शिकवतात, तीच त्याला पैसेही मिळवून देतात, आणि ७.१ च्या पोटात दोन्ही एकजीव होऊन बसतात. अर्थमितीत या अडचणीला एंडोजेनिटी म्हणतात. माणसं कितीही वाढवली तरी ती जात नाही, कारण चूक नमुन्याच्या आकारात नसते, तुलनेतच असते.

मुलांना चिठ्ठ्या टाकून शाळेतून काढता आलं असतं तर उत्तर मिळालं असतं. ते करता येत नाही आणि करूही नये. मग जगात आपोआप पडलेली अशी एखादी चिठ्ठी शोधावी लागते, जिने काहींचं शिक्षण थोडं वाढवलं आणि काहींचं कमी केलं, पण त्यांच्या हुशारीशी किंवा घरच्या परिस्थितीशी जिचा संबंध नव्हता. अशा चिठ्ठीला इन्स्ट्रुमेंट म्हणतात.

जोशुआ अँग्रिस्ट आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९१ साली ती जन्माच्या महिन्यात शोधली. अमेरिकेत मूल ज्या वर्षी सहा वर्षांचं होतं, त्या वर्षाच्या सप्टेंबरात पहिलीत जातं, असा नियम अनेक राज्यांत होता. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा पहिलीत बसताना सहा वर्षं आठ महिन्यांचा असे आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला जेमतेम पावणेसहाचा. दोघं एकाच वर्गात. दुसरीकडे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा इयत्ता पाहत नव्हता, वय पाहत होता: बहुतेक राज्यांत सोळावा वाढदिवस झाला की शाळा सोडायची मोकळीक. आता हिशेब करा. जानेवारीतल्या मुलाची सोळा वर्षं भरतात तेव्हा त्याला शाळेत जाऊन सव्वानऊ वर्षांपेक्षा थोडा जास्त काळ झालेला असतो. डिसेंबरातल्याची भरतात तेव्हा सव्वादहा वर्षं. शाळेचा कंटाळा दोघांना सारखाच असला, तरी डिसेंबरवाल्याला कायदा जवळजवळ एक वर्ष जास्त बसवून ठेवतो.

अर्थात बहुतेक मुलं सोळाव्या वर्षी शाळा सोडतच नाहीत, त्यामुळे सरासरीत हा फरक फार छोटा दिसतो. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचं शिक्षण सरासरी १२.६९ वर्षं भरलं, बाकीच्यांचं १२.८०. फरक ०.१०९ वर्षाचा, म्हणजे सव्वा महिन्याहून थोडा जास्त. याच दोन गटांच्या कमाईत फरक होता १.११ टक्क्याचा, आणि तोही त्याच दिशेने: पहिल्या तिमाहीतले मागे. आता १.११ ला ०.१०९ ने भागायचं. उत्तर येतं एका वर्षामागे १०.२ टक्के. पद्धतीचा गाभा एवढाच आहे. महिन्यामुळे कमाईत पडलेला फरक फक्त शिक्षणाच्या वाटेने आला असेल, तर त्याला शिक्षणातल्या फरकाने भागून एका वर्षाची किंमत निघते.

सगळं ओझं त्या ‘फक्त’वर आहे. महिन्यामुळे शिक्षण बदलतं, हे आकड्यांत तपासता येतं. पण महिना दुसऱ्या कुठल्याही वाटेने कमाईपर्यंत पोहोचत नाही, हे आकड्यांतून सिद्ध होत नाही. त्यासाठी ज्या जगातून आकडे आले, ते जग माहीत असावं लागतं. एक वाट उघडच होती: पहिल्या तिमाहीतली माणसं वर्षातल्या इतरांपेक्षा काही महिन्यांनी मोठी, आणि वयाबरोबर पगार वाढतो. म्हणून चाळिशीतले पुरुष घेतले, कारण त्या वयात पगाराची चढण बरीच सपाट झालेली असते. आणखी एक पडताळा मला सर्वांत सुंदर वाटतो. महाविद्यालयीन पदवीधरांना सोळाव्या वर्षाच्या कायद्याने अडवलं नव्हतं. जन्ममहिन्याचा कमाईवर थेट परिणाम असता, तर तो त्यांच्यातही दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

तरीही दार पूर्ण बंद झालं नाही. केसी बकल्स आणि डॅनियल हंगरमन यांनी २०१३ साली दाखवलं, की अमेरिकेत हिवाळ्यात जन्मणाऱ्या मुलांच्या आयांमध्ये किशोरवयीन, अविवाहित आणि कमी शिकलेल्या स्त्रियांचं प्रमाण थोडं जास्त असतं. हे ‘थोडं’ इथे हलकं घेता येत नाही, कारण आपण ०.१०९ ने भागतो आहोत, म्हणजे नऊपटीहून जास्त करतो आहोत. घरच्या परिस्थितीमुळे कमाईत अर्ध्या टक्क्याचा फरक जरी शिरला, तरी उत्तरात साडेचार टक्क्यांचा घोळ होतो. १०.२ मधला जवळजवळ अर्धा भाग त्यात जाईल.

महाराष्ट्रात हे इन्स्ट्रुमेंट जसंच्या तसं उचलता येणार नाही. मागच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी प्रवेशाच्या हिशेबाने लिहिलेली. जिथे शाळेच्या सोयीने जन्मतारीख ठरते, तिथे तारखेला चिठ्ठी म्हणता येत नाही. शिवाय ज्या घरात जन्माची नोंद नीट ठेवली जात होती, ती घरं बाकीच्यांपेक्षा वेगळी असण्याची शक्यता मोठी.

दुसरं संकट अधिक फसवं होतं. अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी पुढे तिमाहीची जन्मवर्षाशी आणि राज्याशी सांगड घालून एकाऐवजी पावणेदोनशेहून जास्त इन्स्ट्रुमेंट वापरली, त्यामुळे उत्तर अधिक नेमकं दिसू लागलं. १९९५ साली जॉन बाउंड, डेव्हिड जेगर आणि रेजिना बेकर यांनी प्रत्येक माणसाची खरी तिमाही पुसून तिथे संगणकाने काढलेली यादृच्छिक तिमाही घातली. या बनावट महिन्यांचा शिक्षणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी उत्तर साध्या तुलनेच्या आसपासच आलं, आणि त्याची प्रमाणत्रुटीही विश्वास बसावा अशीच. कारण असं: दुबळी इन्स्ट्रुमेंट शेकड्याने घेतली की त्यांतली काही निव्वळ योगायोगाने शिक्षणाशी जुळतात, आणि त्या जुळणीबरोबर ज्या घरच्या-हुशारीच्या सरमिसळीपासून सुटायचं होतं तीच आत येते. उत्तर मूळच्या सदोष आकड्याकडे ओढलं जातं. म्हणून आता इन्स्ट्रुमेंटचा शिक्षणाशी दुवा किती घट्ट आहे, याची चाचणी आधी पाहतात. तिचा एफ हा आकडा दहाच्या खाली असेल, तर सावध होतात. एकाच तिमाहीचा साधा भागाकार या कसोटीवर सहज उतरतो. कोसळला तो गर्दीचा हिशेब.

राहता राहिलं एक कोडं. हुशारी आणि घरची परिस्थिती वजा केल्यावर मोबदला ७.१ पेक्षा कमी निघायला हवा होता, निघाला १०.२. पण या १०.२ ची प्रमाणत्रुटी २.४ आहे, म्हणजे खरं मूल्य साधारण साडेपाच ते पंधरा यांत कुठेही असू शकतं, आणि ७.१ त्यातच बसतं. दुसरं उत्तर अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांनी १९९४ साली दिलं. २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमधला दोघांचा वाटा याच कामाचा. इन्स्ट्रुमेंट सगळ्यांची सरासरी सांगत नाही, ते फक्त त्याच्या धक्क्याने हललेल्यांचं सांगतं. ज्याला इंजिनिअर व्हायचंच होतं, तो जानेवारीत जन्मला काय की डिसेंबरात, तेवढंच शिकला. हलला तो मुलगा, जो सोळावा वाढदिवस उजाडताच दप्तर टाकणार होता आणि कायद्यामुळे आणखी काही महिने बाकावर बसला. दहा टक्के हा त्याच्या त्या सक्तीच्या महिन्यांचा दर आहे. एम.ए. करावं की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.