वाढप्यांपर्यंत पोहोचणारे आभारपत्र

लग्न पार पडते, केटररचा हिशेब चुकता होतो आणि वधूकडून निरोप जातो, ‘जेवण फार छान झालं, सगळे खूश होते.’ भावना मनापासूनची असते. पण असा निरोप कुठल्याही लग्नाला लागू पडतो, म्हणून पुढच्या यजमानाला तो दाखवून केटररला फारसा उपयोग होत नाही. पहाटेपासून भाजी चिरणाऱ्या बायकांपर्यंत तर तो जातही नाही.

व्यवसायात कामी येणाऱ्या आभारपत्रात कार्य, तारीख आणि पानांची संख्या हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेमकी अडचण कोणती आली आणि ती कोणी निभावली, हे त्यात यायला हवे. समजा, 400 पाने ठरली होती आणि मंगलाष्टकांना पाऊण तास उशीर झाला. मसालेभात झाकून ठेवता येतो, अळूची भाजी पुन्हा गरम करता येते. पुरी मात्र आधी तळली की वातड होते. आचाऱ्यांनी तळण थांबवले आणि पंगत बसल्यावरच कढई चढवली. त्या घरचे पत्र असे असेल:

‘स. न. वि. वि. आमच्या मुलीच्या विवाहात आपण 400 पानांची व्यवस्था पाहिली. मुहूर्त पाऊण तास लांबला, तरी शेवटच्या पंगतीलाही पुरी गरम मिळाली. हे आपल्या आचाऱ्यांच्या नियोजनामुळे झाले. वाढप्यांनी वयस्कर पाहुण्यांना जागेवर ताट नेऊन दिले, ते आम्ही विसरणार नाही. स्वयंपाकघरातल्या आणि भांडी घासणाऱ्या मावशींनाही आमचे आभार अवश्य सांगावेत. हे पत्र आपण इतर यजमानांना दाखवल्यास आमची हरकत नाही.’

शेवटचे वाक्य जरूर लिहावे, म्हणजे पत्र जाहिरातीत वापरण्याआधी केटररला पुन्हा विचारावे लागत नाही. तक्रार असेल किंवा बिलात वाद असेल, तर तो वेगळा मिटवावा. त्याच पत्रात घासाघीस आली की आभारही सौद्याचा भाग वाटतात.

कंपनीच्या वार्षिक समारंभानंतरही हाच साचा चालतो. तिथे ‘आमची मुलगी’ जाऊन कार्यक्रमाचे नाव येते आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असते. पुरीचे आणि वाढप्यांचे वाक्य मात्र तसेच राहू द्यावे. ‘उत्तम सेवेबद्दल धन्यवाद’ एवढेच उरले, तर पत्रातून केटररच्या कामाचे काहीच कळत नाही.

पत्राची एक मर्यादा आहे. वाढपी आणि मावशी बऱ्याचदा रोजंदारीवर येतात. पत्र पोहोचेपर्यंत ते दुसऱ्या कार्यालयात कामाला लागलेले असतात. म्हणून त्यांचे आभार त्याच दिवशी, सामान टेम्पोत चढण्याआधी मानावेत. बक्षिशी द्यायची असेल, तर केटररला आधी कल्पना देऊन प्रत्येकाच्या हातात वेगळे पाकीट द्यावे. एकाच्या हाती सगळी रक्कम दिली, तर भांडी घासणाऱ्यांचा वाटा सर्वांत आधी राहून जातो.