किमान किती माल? उत्तर पाऊचला विचारा

स्वतःच्या नावाचा माल विकावा असं आता मध्यम आकाराच्या किराणा साखळ्यांनाही वाटू लागलं आहे. अशा दुकानदाराचा मेल लहान उत्पादकाकडे येतो आणि तो असतो साधारण एवढाच: 'तुमचा कांदा-लसूण मसाला आवडला. आमच्या ब्रँडने 200 ग्रॅमच्या पाकिटात द्याल का? किमान किती घ्यावा लागेल? दिवाळीपर्यंत मिळेल का?' ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून बहुतेक जण 'हो, नक्की, जमेल तेवढं घ्या' असं कळवून मोकळे होतात. पुढचा सगळा त्रास या उत्तरातून सुरू होतो.

कोल्हापूरकडची एक मसाला गिरणी आणि पुण्यातली बारा दुकानांची साखळी आहे असं समजू. गिरणीत एका घाण्यात अडीचशे किलो मसाला निघतो, म्हणजे साडेबाराशे पाकिटं. मालकाला वाटतं, किमान ऑर्डर एवढीच सांगावी. पण ती मसाल्यावर ठरत नाही, पाऊचवर ठरते. रंगीत छापील पाऊच रोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगाचं वेगळं कोरीव सिलिंडर लागतं, आणि मशीन लावताना, रंग जुळवताना बरीच फिल्म वाया जाते. म्हणून छपाईवाला थोडक्या मालासाठी मशीन लावत नाही. त्याने एका डिझाइनला किमान 200 किलो फिल्म सांगितली, असं धरू. 200 ग्रॅम मसाल्याचा रिकामा पाऊच सुमारे सहा ग्रॅम भरतो. वाया जाणारी फिल्म वजा केली तरी तीस हजार पाऊच हातात येतात. ते भरायला सहा टन मसाला लागेल.

एका दुकानात महिन्याला शंभर पाकिटं खपली, तर बारा दुकानांत बाराशे. तीस हजार पाऊच संपायला दोन वर्षांहून जास्त काळ जाईल. तोवर डिझाइन बदलेल, पत्ता बदलेल, किंवा साखळीचा उत्साहच मावळेल. पाऊच मात्र गोदामात पडून राहतील, आणि त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव असल्याने ते इतर कुणाला विकताही येणार नाहीत.

अशा वेळी माझ्या मते पहिल्या ऑर्डरला छापील पाऊचचा आग्रह धरूच नये. तयार कोरे पाऊच घ्यावेत आणि त्यावर ब्रँडचं छापील लेबल चिकटवावं. पाकीटमागे खर्च थोडा वाढतो आणि लेबल लावायला माणसं लागतात. पण पाच हजार पाकिटांत, म्हणजे चार घाण्यांत, काम सुरू होतं आणि हा माल सुमारे चार महिन्यांत खपू शकतो. उत्तरात दोन्ही पर्याय वेगवेगळ्या दरांनी द्यावेत. सिलिंडरचा खर्चही पाकिटाच्या दरात न लपवता स्वतंत्र दाखवावा.

आता आर्टवर्क. उशीर होतो तो इथेच. पाऊच किंवा लेबल बनवणाऱ्याकडून आधी मापाचा आराखडा घ्यायचा, मगच डिझायनरने काम सुरू करायचं. तसं केलं नाही तर नेमका परवाना क्रमांक सीलच्या पट्टीत जातो. पाकिटावर साखळीचं नाव-पत्ता येतोच, पण माल बनवणारी गिरणी आहे, म्हणून तिचाही पत्ता आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक लागतो. घटक पदार्थ, निव्वळ वजन, शाकाहाराची हिरवी खूण, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि बारकोडही हवा. बारकोड साखळीने स्वतःच्या नावावर घेतलेला असावा. एमआरपी, बॅच आणि तारीख मात्र सिलिंडरवर कोरू नये. त्यासाठी कोरी जागा ठेवावी आणि भरताना छापावं, म्हणजे किंमत बदलली तरी पाऊच बाद होत नाहीत.

वेळ सांगताना 'सहा आठवड्यांत देतो' एवढंच लिहिणं धोक्याचं असतं. साखळीत खरेदीवाला, मार्केटिंगवाला आणि मालक अशा तिघांकडून फाइल फिरते आणि तीन आठवडे तिथेच जातात. म्हणून असं लिहावं:

'साहेब, अंतिम आर्टवर्कवर आपली सही मिळाल्या दिवसापासून लेबलच्या मालाला चार आठवडे आणि छापील पाऊचच्या मालाला आठ आठवडे लागतील. दोन वेळा दुरुस्त्या आमच्याकडून होतील. सही झाल्यावर बदल केल्यास मुदत नव्याने मोजली जाईल.'

छापील पाऊचला इतका वेळ लागतो, कारण सिलिंडर कोरणं, नमुना पास होणं, छपाई, थर चिकटवणं आणि ते सुकणं ही कामं एकामागून एकच होतात. जादा पैसे मोजले तरी थर लवकर सुकत नाहीत. दिवाळीच्या तीन आठवडे आधी माल दुकानात हवा असेल, तर तिथून मागे मोजून सहीची शेवटची तारीख उत्तरातच घालावी.

आणखी एक ओळ न विसरता घाला: साखळीने माल बंद केला, तर उरलेले पाऊच आणि लेबलं तिने खरेदी दराने उचलायची. हे ऑर्डर घेण्याआधी लिहून घ्या, कारण छपाई झाल्यावर या अटीवर कुणी सही करत नाही.