दादरचे दोन ‘एक नंबर’

“सात वाजता, नेहमीच्या ठिकाणी!” ठरल्याप्रमाणे दोघी मैत्रिणी वेळेवर दादर स्टेशनवर पोचल्या आणि पाऊण तास एकमेकींची वाट पाहत राहिल्या.

शेवटी फोन झाला. “अगं, एक नंबरवर उभी आहे.” “मीपण तिथेच!” दोघी खरंच बोलत होत्या. एकीच्या मागे बोरिवली लोकलची घोषणा चालली होती, दुसरीच्या मागे ठाण्याची. तेव्हा कुठे उलगडा झाला, कारण पश्चिम आणि मध्य रेल्वे, दोन्हींकडे एक नंबरचा फलाट होता.

पण मूळ घोळ आकड्याच्या आधीचा. ‘नेहमीचं’ म्हणताना एकीला कॉलेजची तीन वर्षं आठवली, दुसरीला गेले चार महिने. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांच्या मते संवाद उभा राहतो तो दोघांच्या सामाईक माहितीवर. इथे ती सामाईक आहे असं दोघींनी नुसतं धरून चाललं होतं. म्हणूनच आधी फोनही केला नाही. समोरचीला उशीर झालाय, एवढंच वाटलं.

डिसेंबर 2023 मध्ये दादरचे फलाट सलग मोजले जाऊ लागले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला. आता त्या दोघी ‘आठवर’ भेटतात.