विश्लेषण : आठवड्यातून दोनदा वजने आणि रोज चालणे… चरबी घटवण्यासाठी एवढे पुरेसे आहे का?

दिवसाचे नऊ तास कार्यालयात आणि दोन-तीन तास प्रवासात गेल्यावर रोज जिम गाठणे अनेकांना जमत नाही. अशांसाठी आठवड्यातून दोनदा ४० मिनिटे वजने उचलणे आणि रोज थोडे थोडे करून चालणे, हा वेळेत बसणारा मार्ग आहे.

दोन्ही कशासाठी?

नुसते खाणे कमी केले, तर चरबीबरोबर स्नायूही घटतात. वजने उचलल्याने स्नायू टिकून राहण्यास मदत होते. मात्र त्यात कॅलरी फार खर्च होत नाहीत. तो खर्च चालण्यातून वाढवता येतो.

दोन दिवसांत काय करावे?

मंगळवार आणि शनिवार घ्या. व्यायाम चारच : डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, एका हाताने डंबेल ओढण्याचा रो, डंबेल चेस्ट प्रेस आणि रोमानियन डेडलिफ्ट. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा. स्क्वॉटचा सेट झाला की मिनिटभर थांबून रोचा सेट करा. पायांना विश्रांती मिळते आणि वेळही वाचतो. प्रेस आणि डेडलिफ्टची जोडीही अशीच. आणखी दोनदा जमेल असे वाटत असतानाच सेट संपवा. तिन्ही सेटमध्ये १२ वेळा जमू लागले, की पुढच्या वजनाचे डंबेल घ्या.

चालण्याचा हिशेब काय?

समजा, ८० किलो वजनाची व्यक्ती रोज चार हजार पावले चालते. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जाता-येता १५-१५ मिनिटे आणि दुपारच्या जेवणानंतर १० मिनिटे चालल्यास आणखी सुमारे चार हजार पावले होतात. त्यातून जादा खर्च होतात साधारण १२० कॅलरी. एका वडापावात याहून जास्त असतात! म्हणून आहारातूनही रोज सुमारे २५० कॅलरी कमी कराव्या लागतात. संध्याकाळचा एक तळलेला पदार्थ वगळला तरी बराचसा भाग भागतो. डाळ, दही, अंडी, पनीर मात्र कमी करू नका. स्नायूंसाठी प्रथिने हवीत. असे आठवड्याला सुमारे २,६०० कॅलरी, म्हणजे अंदाजे एक तृतीयांश किलो चरबी घटू शकते.

प्रगती कशी ओळखावी?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजनकाटा कदाचित हलणार नाही, वाढेलही. नव्या व्यायामाने स्नायूंत पाणी धरले जाते. त्यामुळे दर रविवारी सकाळी बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. वजन स्थिर आणि कंबर कमी, तर योजना लागू पडते आहे. चार आठवड्यांत दोन्ही हलले नाहीत, तर आधी खाणे तपासा. वजन झपाट्याने उतरते आहे, पण पूर्वीचे डंबेलही जड वाटू लागले, तर आहार किंवा झोप कमी पडत असावी.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गुडघेदुखी असलेल्यांनी किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.