निपाणीची तंबाखू आणि पांढरी माशी

निपाणी भागातल्या बिडी तंबाखूवर पाने आकसवणारा विषाणू येतो. पान खाली वळते, शिरा जाड होतात आणि पान उलटे केले तर शिरांवर हिरवे उंचवटे दिसतात. हा विषाणू बियाण्यातून येत नाही, हात लावूनही पसरत नाही. याला पांढरी माशीच लागते. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू तिच्या पोटात जातो, आतड्यातून रक्तद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत पोहोचतो. याला काही तास लागतात. पुढे ती कित्येक दिवस रोग वाटत फिरते.

रोगट झाड बरे करणारे औषध नाही. फवारणीने माशी मरते, पण बाहेरून आलेली माशी मरण्याआधीच रोग देऊन जाऊ शकते, शिवाय एकच औषध वारंवार मारले की माशी त्याला दाद देत नाही. म्हणून खरी राखण तरूच्या वाफ्यावर: बारीक जाळीचे आच्छादन, जवळचे रोगट तण काढणे, आणि लागणीनंतर लवकर आकसलेली रोपे उपटून नष्ट करणे. कोवळेपणी रोग लागलेले रोप खुरटेच राहते. उशिरा लागला तर नुकसान कमी.