फलमद्य, घरगुती

फळांच्या रसातील शर्करेचे यीस्टकडून किण्वन करवून घरी तयार केलेले, ऊर्ध्वपातन न केलेले मद्य. ब्रिटनमध्ये ब्लॅकबेरी, एल्डरबेरी, आलुबुखार इ. फळांपासून असे मद्य करण्याची जुनी प्रथा असून विक्री न करता घरच्या वापरासाठी ते करण्यास तेथे परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्यनिर्मितीस परवाना आवश्यक आहे.

ब्लॅकबेरीचे ४.५ लि. मद्य करण्यासाठी सु. २ किग्रॅ. पिकलेली फळे घेतात. दर लिटरमागे सु. १८ ग्रॅ. शर्करेपासून एक टक्का अल्कोहॉल मिळते. त्यामुळे ११ टक्के अल्कोहॉलासाठी एकूण सु. ९०० ग्रॅ. शर्करा लागते. फळांत सु. १०० ग्रॅ. असल्याने उरलेली ८०० ग्रॅ. साखर पाण्यात विरघळवून घालतात. तयार मिश्रणाचे विशिष्ट गुरुत्व सु. १.०८० भरते.

सर्व भांडी प्रथम धुऊन नंतर सल्फाइटाच्या विद्रावाने निर्जंतुक करतात. मळ राहिलेल्या भांड्यावर सल्फाइटाचा परिणाम होत नाही. फळे कुस्करून त्यांतही थोडे सल्फाइट घालतात. त्याचा यीस्टवरही परिणाम होत असल्याने २४ तासांनंतरच मद्याचे यीस्ट मिसळतात. पावाचे यीस्ट वापरल्यास गाळ नीट बसत नाही आणि मद्याला पावाचा वास येतो.

पहिले चार-पाच दिवस मिश्रण कापडाने झाकलेल्या बादलीत ठेवून वर येणारा चोथा दररोज दोनदा खाली दाबतात. या काळात यीस्टच्या वाढीस थोडी हवा उपयुक्त असते. नंतर रस गाळून अरुंद तोंडाच्या बरणीत भरतात व तिला एअरलॉक बसवितात. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली वाकडी नळी. तिच्यातून कार्बन डाय-ऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, पण हवा आत येत नाही. हवा मिळाल्यास ॲसिटिक अम्लाचे जंतू अल्कोहॉलाचे शिर्क्यात रूपांतर करतात. आंबट, तीव्र वास ही त्याची खूण होय. असे मद्य पुन्हा सुधारता येत नाही.

नवशिक्यांची सर्वांत धोक्याची चूक म्हणजे बुडबुडे थांबताच मद्य बाटल्यांत भरणे. थंडीमुळे यीस्ट मंदावले किंवा बूच सैल असले, तरीही बुडबुडे थांबतात. विशिष्ट गुरुत्व १.०१० असताना दर लिटरमागे २० ग्रॅ. हून अधिक शर्करा शिल्लक असते. बंद बाटलीत दर ४ ग्रॅ. शर्करेमागे सु. एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे पाचांहून अधिक वातावरणे दाब निर्माण होऊन साधी बाटली फुटू शकते. म्हणून हायड्रोमीटरने काही दिवसांच्या अंतराने मोजमाप करतात. विशिष्ट गुरुत्व १.००० च्या खाली येऊन स्थिर राहिले, म्हणजे किण्वन पूर्ण झाले असे समजतात. त्यानंतर गाळावरून मद्य नळीने निराळे काढून, निवळल्यावर बाटल्यांत भरतात.