लिमिट पाच लाखांचं, व्याज कशावर?

ओव्हरड्राफ्टच्या खातेउताऱ्यात महिन्याच्या शेवटच्या तारखेला व्याजाची एकच ओळ असते. तिच्यापुढे रक्कम असते, पण ती कोणत्या शिलकीवर, किती दिवसांसाठी आणि कोणत्या दराने काढली, याचा बहुतेक उताऱ्यांत पत्ता नसतो. खातेदार ती ओळ वाचतो आणि पुढे जातो. खरं तर ही रक्कम तपासायला लागणारी सगळी माहिती त्याच उताऱ्यात, वरच्या ओळींमध्ये असते.

नियम साधा आहे. बँकेने पाच लाखांचं लिमिट मंजूर केलं म्हणजे पाच लाखांपर्यंत उचल करायची मुभा दिली. व्याज लागतं ते प्रत्यक्ष उचललेल्या रकमेवर, आणि तेही ती जितके दिवस खात्यावर नावे राहिली तितक्याच दिवसांचं. यासाठी बँकेची संगणकप्रणाली रोज दिवसअखेरची शिल्लक नोंदवते. महिनाभराच्या अशा नावे शिलकींची बेरीज होते. तिला वार्षिक दराने गुणून ३६,५०० ने भागलं की महिन्याचं व्याज मिळतं. ३६,५०० म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस गुणिले टक्केवारीचे १००. बँकेतली माणसं या बेरजेला ‘प्रॉडक्ट’ म्हणतात.

समजा, सांगलीतल्या एका किराणा दुकानदाराने मुदत ठेवीवर पाच लाखांचा ओव्हरड्राफ्ट घेतला आहे आणि दर नऊ टक्के आहे. १ सप्टेंबरला त्याच्या खात्यावर १,२०,००० रुपये नावे आहेत. ५ तारखेला तो घाऊक व्यापाऱ्याला दोन लाख देतो, नावे शिल्लक ३,२०,००० होते. १५ तारखेला अडीच लाख जमा होतात आणि ७०,००० उरतात. २५ तारखेला आणखी ९०,००० येतात. आता खात्यात उलट २०,००० जमा शिल्लक आहे.

उताऱ्यात चारच शिलका दिसतात, पण महिन्याचे दिवस तीस आहेत. ज्या दिवशी व्यवहार झाला नाही, त्या दिवशी आधीचीच शिल्लक चालू राहते. म्हणून १,२०,००० चार दिवस, ३,२०,००० दहा दिवस आणि ७०,००० दहा दिवस धरायचे. शेवटच्या सहा दिवसांत खातं जमेकडे असल्याने तिथे व्याज शून्य. गुणाकार अनुक्रमे ४,८०,०००, ३२,००,००० आणि ७,००,००० येतात, त्यांची बेरीज ४३,८०,०००. तिला ९ ने गुणून ३६,५०० ने भागलं की व्याज येतं १,०८० रुपये.

पूर्ण लिमिटवर आकारणी झाली असती, तर याच महिन्याचं व्याज ३,६९९ रुपये झालं असतं.

एवढी आकडेमोड दर महिन्याला करायचा कंटाळा येत असेल, तर उलटा हिशेब करावा. आकारलेल्या व्याजाला ३६,५०० ने गुणायचं, मग व्याजदराने आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. आपल्या दुकानदाराच्या बाबतीत उत्तर १,४६,००० येतं. ही त्याची महिन्याची सरासरी नावे शिल्लक. एका सरळ प्रश्नावर तिची परीक्षा होते: महिन्यातल्या सर्वांत मोठ्या शिलकीपेक्षा सरासरी जास्त असू शकते का? नाही. म्हणून उत्तर ३,२०,००० च्या वर गेलं तर काहीतरी चुकलेलं आहे, आणि ते पाच लाखांच्या आसपास आलं तर व्याज लिमिटवर लागलं असल्याचा संशय रास्त आहे.

चूक किती रुपयांची आहे यावरूनही तिचं कारण ओळखता येतं. व्याज १,०८० ऐवजी १,२०० दिसलं, तर दर नऊऐवजी दहा टक्के लागला का, हे मंजुरीपत्राशी ताडून पाहावं. ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा थोडा जास्त ठरवतात, त्यामुळे ठेवीचं नूतनीकरण झालं की तोही बदलू शकतो. दर महिन्याच्या मध्येच बदलला असेल, तर त्या तारखेआधीचे आणि नंतरचे दिवस वेगळे मोजावे लागतात. व्याज १,१४२ दिसलं, म्हणजे साधारण ६२ रुपये जास्त, तर अडीच लाखांची जमा एक दिवस उशिरा धरली गेली असावी. धनादेशाच्या बाबतीत हे नेहमी होतं. तो भरला त्या दिवशी नाही, तर वटून पैसे आले त्या दिवसापासून व्याज कमी होतं. म्हणून अनेक उताऱ्यांत Value Date नावाचा वेगळा रकाना असतो. हिशेबाला तीच तारीख घ्यायची.

आणखी एका ठिकाणी गोंधळ होतो. मोबाइल अॅपवर Available Balance म्हणून ३,८०,००० दिसतात, आणि आपल्या खात्यात तेवढे पैसे आहेत असं वाटतं. ते लिमिटमधून उरलेले पैसे असतात. देणं १,२०,००० आहे, आणि व्याज त्यावर आहे. शिलकीपुढे Dr आहे की Cr, हे पाहिलं की शंका उरत नाही.

कधी कधी मात्र पूर्ण रकमेवर लागलेलं व्याज बरोबर असतं. लिमिट मंजूर होताच सगळी रक्कम बचत खात्यात वळवून घेतली, तर ओव्हरड्राफ्ट खात्याच्या दृष्टीने ती पूर्ण उचललेली असते. पैसे बचत खात्यात पडून राहिले तरी इकडे नऊ टक्के चालूच राहतात. काही वेळा ग्राहकाला ओव्हरड्राफ्ट हवा असतो आणि कागदावर मुदत कर्ज होतं. मंजुरीपत्रातलं कर्जप्रकाराचं नाव म्हणूनच आधी वाचावं. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळ्या ओळींत असतात, ते व्याजात मिसळू नयेत. मोठ्या व्यावसायिक लिमिटवर न वापरलेल्या रकमेसाठी काही बँका वेगळं शुल्क घेतात, पण तेही करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

जास्तीचं व्याज लागतं ही केवळ शंकेखोरांची कल्पना नाही. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तपासणीत आढळलेल्या पद्धती नोंदवल्या: पैसे हाती देण्याऐवजी कर्ज मंजुरीच्या तारखेपासून व्याज लावणं, आणि महिन्याच्या मध्ये कर्जफेड झाली तरी संपूर्ण महिन्याचं व्याज घेणं. जादा घेतलेली रक्कम ग्राहकांना परत करायला सांगण्यात आलं. हे निष्कर्ष एकूण कर्जांबाबतचे होते, पण मुद्दा तोच आहे: पैसे ज्या दिवशी वापरात नव्हते, त्या दिवसाचं व्याज घेता येत नाही.

फरक सापडला तर तोंडी विचारणा पुरत नाही. ‘अमुक महिन्याच्या व्याजाचा दिवसवार हिशेब द्यावा’ असा एका ओळीचा अर्ज शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत आपला हिशेब जोडला तर वाद तारीख, दर किंवा शिलकीच्या एखाद्या नेमक्या ओळीवर येतो. असा दिवसवार हिशेब बँकांनी मागणीची वाट न पाहता उताऱ्यासोबतच छापला पाहिजे. तो प्रणालीत तयारच असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतसंस्थेतल्या खात्याला मात्र हा मार्ग नाही. तिथे दाद सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे मागावी लागते.